यूट्यूब चालतं, म्हणून नेट ठीक?

प्रतिक्रिया: «एवढी अदलाबदल करत बसायला वेळ कुणाला आहे? माझ्या घरच्या वायफायवर बँकेचं अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरतं, यूट्यूब मात्र मस्त चालतं. म्हणजे नेट ठीक, दोष अ‍ॅपचा. काढून परत टाकायचं, विषय संपला. तुमच्या पद्धतीने नवखा माणूस उलट गोंधळेल.»

उत्तर:

वायफायच्या जागी मोबाइल डेटा, एका फोनच्या जागी दुसरा, असं एका वेळी एकच गोष्ट बदलून दोष कुठे आहे ते शोधा, असं मी सुचवलं होतं; ही प्रतिक्रिया त्यावरची आहे. अ‍ॅप अजून काढलं नसेल तर कृपया थांबा. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून दोष अ‍ॅपचा आहे असं ठरत नाही, आणि बँकेचं अ‍ॅप काढणं महागात पडू शकतं.

आधी यूट्यूबचं बघू. नेट तपासायला बहुतेक जण तेच उघडतात, पण या कामासाठी ते फार कच्चं आहे. एक तर व्हिडिओचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे नेट तुटलं तरी चित्र थोडा वेळ चालूच राहतं. दुसरं म्हणजे गूगल आपले साठवणीचे सर्व्हर अनेक इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच बसवतं. गाजलेले व्हिडिओ तुमच्या कंपनीकडूनच येत असतील, तर बाहेर जाणारी वाट बिघडली तरी यूट्यूबला फारसा फरक पडत नाही. बँकेचा सर्व्हर त्या वाटेच्या पलीकडे असतो. म्हणून त्याच वायफायवर ब्राउझरमध्ये बँकेची वेबसाइट उघडून बघा. नुसतं लॉगिनचं पान आलं तरी पुरे, पासवर्ड टाकायची गरज नाही.

आता पहिली चाचणी. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, अ‍ॅप अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून सरकवून पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. नुसतं मागे जाऊन परत आलात तर ते जुन्याच जोडणीवर अडकलेलं असू शकतं. उघडलं, तर लगेच निकाल देऊ नका. मोबाइल डेटा बंद करून वायफायवर परत या आणि दोष पुन्हा दिसतो का ते बघा. परत येणं बरेच जण गाळतात. पण कधी कधी जोडणी नव्याने झाल्यामुळेच अ‍ॅप सुरू होतं, आणि श्रेय मात्र मोबाइल डेटाला जातं. वायफाय तपासताना डेटा बंदच हवा, कारण वायफाय कमकुवत वाटलं की काही फोन न सांगता डेटावर सरकतात.

वायफायवर दर वेळी अडकतं आणि डेटावर दर वेळी उघडतं, असं दिसलं तर अ‍ॅप निर्दोष आहे. उरला प्रश्न हा फोन की राउटर. घरातल्या दुसऱ्या फोनवर, त्याचाही डेटा बंद ठेवून, त्याच वायफायवर बँकेची तीच वेबसाइट उघडा. तिथे स्वतःच्या खात्याने अ‍ॅपमध्ये लॉगिन करू नका, कारण अनेक बँकांत तसं केल्यावर पहिल्या फोनची नोंदणी रद्द होते. दुसऱ्या फोनवरही पान आलं नाही, तर दोष राउटरचा किंवा लाइनचा. राउटरची वीज अर्धा मिनिट काढा, चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. दुसऱ्या फोनवर आलं आणि तुमच्याच फोनवर येत नसेल, तर तुमच्या फोनवर ते वायफाय विसरायला लावून पासवर्डने पुन्हा जोडा.

डेटावरही अडकत असेल तर रोख बदलतो. दोन्ही फोनांवर वेबसाइटही उघडत नसेल, तर बहुधा बँकेचाच सर्व्हर बंद आहे. मग वाट पाहणं हाच उपाय. वेबसाइट उघडते पण अ‍ॅप नाही, तर फोनची तारीख-वेळ आपोआप वर आहे का, व्हीपीएन चालू आहे का, आणि फोनच्या नेटवर्क सेटिंगमधल्या Private DNS मध्ये जाहिराती अडवणारा पत्ता घातलाय का, हे आधी बघा. घड्याळ चुकीचं असेल तर सुरक्षित जोडणीच नाकारली जाते. हे सगळं ठीक असेल तरच अ‍ॅपवर संशय घ्या. अपडेट करा, मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर जाऊन Clear cache करा. यात लॉगिन जात नाही.

Clear storage किंवा अ‍ॅप काढणं अगदी शेवटी, कारण त्यानंतर नोंदणी पहिल्यापासून करावी लागते. त्यासाठी खात्याशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. रिचार्ज संपलेलं असेल तर तिथेच अडकाल. शिवाय दोष वायफायचा असेल, तर नव्याने टाकलेलं अ‍ॅपही तसंच फिरत राहील.

दोष लाइनचा निघाला, तर इंटरनेट कंपनीला «नेट स्लो आहे» असं सांगू नका. यूट्यूब चालतंय ना, म्हणून तक्रार तिथेच बंद होईल. «अमुक वेबसाइट दोन फोनांवर वायफायने उघडत नाही, मोबाइल डेटाने उघडते, राउटर बंद-चालू करून झाला» असं सांगा आणि वेळही सांगा.