शेल शॉक: ‘डब्ल्यू’ की ‘एस’?

पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तीन सैनिकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द वैद्यकीय लिखाणात आला. त्यांपैकी पहिला शिपाई वीस वर्षांचा होता. तो काटेरी तारांत अडकलेला असताना त्याच्या आसपास तोफगोळे फुटले. त्यानंतर त्याची दृष्टी अंधुक झाली, वास आणि चव बिघडली. ऐकू मात्र जवळजवळ पूर्वीसारखेच येत होते. मला हा तपशील फार बोलका वाटतो, कारण सारा दोष स्फोटाच्या धक्क्याचा असता, तर सर्वांत आधी कान जायला हवे होते. उन्माद या मानसिक आजाराशी असलेले साम्य मायर्स यांनी तेव्हाच नोंदवले होते.

तरीही सैन्याने व्याधीची विभागणी केली ती स्फोटावरूनच. शत्रूच्या गोळ्याशी थेट संबंध असेल, तर रुग्णाच्या नावापुढे ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी, आणि नसेल तर ‘एस’, म्हणजे आजारी. ‘डब्ल्यू’वाल्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शनचा हक्क मिळे, महिनोन्‌महिने खंदकात काढून हळूहळू खचलेल्या ‘एस’वाल्याला यातले काहीच मिळत नसे. माझ्या मते ही वर्गवारी वैद्यकीय नव्हतीच, ती हिशेबाची होती. पुढे १९१७ मध्ये आघाडीवरच्या डॉक्टरांना ‘शेल शॉक’ लिहिण्यासच मनाई झाली. रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘अद्याप निदान नाही, मज्जाविषयक’ एवढेच लिहायचे, आणि तो खरोखर स्फोटाजवळ होता का, हे त्याच्या पलटणीच्या अधिकाऱ्याकडून एका छापील अर्जावर मागवायचे. निदान डॉक्टरांचे, पण शेवटचा शब्द अधिकाऱ्याचा!

उपचारांत मात्र याच काळात एक खरा बदल झाला. रुग्णांना इंग्लंडला धाडल्यावर त्यांची लक्षणे अधिकच घट्ट होतात, असे दिसू लागले होते. म्हणून मायर्स यांच्या आग्रहाने १९१६ च्या अखेरीस आघाडीच्या मागे, तोफांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, खास केंद्रे उघडण्यात आली. तिथे लवकर दाखल करणे, झोप, गरम अन्न, डॉक्टरांशी बोलणे आणि ‘तू बरा होऊन परत जाणार आहेस’ ही अपेक्षा, एवढाच उपचार होता. अमेरिकी सैन्यासाठी थॉमस सॅमन यांनीही हाच मार्ग स्वीकारला. या पद्धतीबद्दल माझी तक्रार एकच आहे: यशाचे माप ‘पलटणीत परतला’ एवढेच धरले गेले, परतलेला माणूस पुढे किती दिवस टिकला, हे विचारण्याची सैन्याला फारशी गरज वाटली नाही.

युद्धानंतर सरकारी चौकशी समितीने १९२२ च्या अहवालात ‘शेल शॉक’ हा शब्दच टाकून देण्याची शिफारस केली. त्या समितीपुढे साक्ष द्यायला मायर्स गेले नाहीत. त्या वर्षांच्या आठवणी पुन्हा उकरणे त्यांना स्वतःलाच सोसवत नव्हते.