"फोटोमागे एकच दर सांगा" म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी पुन्हा तोच निरोप आला. "ताई, 400 फोटो आहेत, फक्त नको असलेल्या वस्तू काढायच्या आहेत. फोटोमागे किती घ्याल आणि उद्या संध्याकाळपर्यंत मिळतील का?" सोबत नमुन्याचे पाच फोटो होते. पाचही एकरंगी पिशव्यांचे, आणि प्रत्येकात कोपऱ्यात लेबलाचा एक दोरा दिसत होता. सगळे 400 फोटो लहान आकारात पाठवा, मग दर सांगते, असे मी कळवले. त्यावर उत्तर आले, "इतकं काय त्यात? दुसरे लगेच सांगतात." या "इतकं काय त्यात"चा राग दुपारपर्यंत उतरला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

लगेच दर मीही सांगत असे. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेतीचे 600 फोटोंचे काम माझ्याकडे आले, त्यात कपडे होते, पिशव्या होत्या आणि घरातली भांडी होती. तिने पाठवलेले सहा नमुने मी दोन-दोन मिनिटांत पूर्ण केले, त्यावर एक मिनिट जास्तीचे धरले आणि 600 फोटोंचे 30 तास असा हिशेब मांडून एकच दर सांगितला. मी आणि माझी सहकारी अशा दोघी काम करणार होतो, त्यामुळे तीन दिवसांचा शब्दही देऊन बसले.

प्रत्यक्षात 330 फोटो खरोखरच दोन मिनिटांचे निघाले, म्हणजे 11 तास. पुढच्या 180 फोटोंत लेबल चौकड्यांच्या कापडावर होते किंवा स्टँडची दांडी पिशवीच्या बंदामागून जात होती. त्यांना सरासरी सात मिनिटे लागली, म्हणजे 21 तास. उरलेल्या 90 फोटोंनी प्रत्येकी वीस मिनिटे घेतली आणि त्यांचेच 30 तास झाले. यात तपासणीचे पाच तास आणि परत आलेले फोटो दुरुस्त करण्याचे पाच तास मिळवा. एकूण 72 तास, आणि मी पैसे घेतले होते 30 तासांचे.

त्या 90 फोटोंमधली स्टीलची किटली मला अजून आठवते. तिच्या पोटावर छायाचित्रकाराचा लाल सदरा आणि दिव्याचा स्टँड उमटला होता. विक्रेतीच्या दृष्टीने काढायची वस्तू एकच होती, पण ती काढल्यावर तिथे काय दाखवायचे हा खरा प्रश्न होता. पांढऱ्या भिंतीसमोरचा स्टँड पुसला की मागे भिंत असतेच. चकचकीत धातूवरचे प्रतिबिंब पुसले की मागे काहीच नसते, तिथे धातू नव्याने रंगवावा लागतो. किटलीच्या कडेने पेन टूलने रेघ आखली, उजेडापासून सावलीपर्यंतची छटा हाताने भरली, चोचीच्या जोडाची रेषा परत उभी केली आणि शेवटी मूळ फोटोतला बारीक दाणा त्यावर चढवला, कारण त्याशिवाय तेवढा भाग प्लास्टिकचा दिसत होता. एका फोटोला 50 मिनिटे गेली.

म्हणून माझे ठाम मत आहे की दर काढायच्या वस्तूवरून ठरत नाही, तिच्याखाली काय आहे त्यावरून ठरतो. वस्तूचा आकार तर फार फसवा असतो. सपाट पार्श्वभूमीवरचा मोठा स्टँड मिनिटाभरात जातो आणि चौकड्यांवरून तिरका गेलेला केसाएवढा दोरा दहा मिनिटे खातो, कारण शेजारचे कापड उचलून क्लोन स्टॅम्पने भरलेली चौकड्यांची रेघ जराशी सरकली तरी डोळ्याला लगेच खटकते. आता मी प्रत्येक फोटोला दोनच प्रश्न विचारते. वस्तूखाली सपाट रंग आहे, नक्षी आहे, की न दिसणारे काहीतरी नव्याने घडवायचे आहे? आणि ती वस्तू उत्पादनाच्या कडेला टेकते का? लहान आकारातले 400 फोटो एवढ्यावर तीन ढिगांत लावायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. मग प्रत्येक ढिगातले पाच फोटो डोळे मिटून उचलायचे आणि घड्याळ लावून पूर्ण करायचे. ती मिनिटे म्हणजे दर.

किटलीच्या कामात असे केले असते तर मूळ वेळ दोन, सात आणि वीस मिनिटे निघाली असती. तपासणी आणि दुरुस्तीचे मिळून दहा तास 600 फोटोंवर वाटले की प्रत्येकी एक मिनिट येते. म्हणजे तीन, आठ आणि एकवीस मिनिटांचे तीन दर झाले असते आणि बेरीज बरोबर 72 तासांवर आली असती.

विक्रेत्यालाही खर्चाचा अंदाज बांधायला एक आकडा हवा असतो, हे मान्य आहे. तो देता येतो. तीन ढिगांची सरासरी, इथे सव्वासात मिनिटांच्या आसपास, पण ती त्याच फोल्डरपुरती. "अजून 50 आहेत, त्याच दराने करा" म्हणून नंतर आलेले 50 फोटो जर सगळेच किटल्यांचे असतील, तर ती सरासरी कोलमडते, म्हणून हे दरपत्रकातच लिहिलेले बरे.

तपासणीचे मिनिट मात्र मी कुणासाठीही सोडत नाही. फोटो शंभर टक्के झूमवर पाहायचा आणि वर तात्पुरता कर्व्हज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट मुद्दाम भडक करायचा. पांढऱ्यावर राहून गेलेला राखाडी डाग आणि दोन ठिकाणी उमटलेला एकच सुरकुतीचा तुकडा तिथे ताबडतोब उघडा पडतो. त्या कामात तपासणी केली, पण असे भडक करून पाहणे घाईत टाळले आणि 60 फोटो परत आले.

आता मुदतीचे. आठ तास बसलेल्या माणसाच्या हातून नीट काम साधारण सहा तासांचे होते, पुढे डोळे थकतात. 72 तास म्हणजे एका माणसाचे 12 दिवस, दोघींचे सहा. त्याआधी पहिले 15 फोटो, तिन्ही ढिगांतले, मंजुरीसाठी पाठवायचे आणि त्याचा एक दिवस धरायचा. मुदत ही मंजुरी आल्यापासून मोजायची. विक्रेत्याने उत्तराला दोन दिवस लावले तर ते आमच्या सहा दिवसांतून कापले जाऊ नयेत. आमच्याकडून डाग राहिला तर दुरुस्ती फुकट; सावली ठेवा सांगून नंतर काढा म्हटले तर तो नवा फोटो समजायचा. तातडीचे जास्त पैसे मागितले की लोक रागावतात, पण त्यासाठी दुसऱ्या कुणाचे ठरलेले काम मागे सरकते, त्याची किंमत कोणी द्यायची?

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. किटलीवाल्या त्या विक्रेतीने मला फसवले नव्हते. कुणीही दाखवायला चांगले फोटो निवडतो, तसे तिने सहा स्वच्छ फोटो निवडले होते. बाकीचे मागायचे काम माझे होते आणि मी ते मागितले नाहीत. तीन दिवसांचे काम सातव्या दिवशी हातात पडले, तोवर तिचा विक्रीचा दिवस हुकला होता, हे मला माझ्या बुडालेल्या तासांपेक्षा जास्त लागले.

आताच सकाळच्या त्या गृहस्थांनी 400 फोटोंचे फोल्डर पाठवले आहे. पिशव्या आहेत, चौकड्यांचे शर्ट आहेत, आणि शेवटी 40 स्टीलचे डबे. दर मी त्यांना उद्या दुपारी कळवणार आहे, घड्याळ लावून झाल्यावर.