दोनशे ग्राहकांच्या खोक्याचा हिशोब: प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, दर महिन्याला घरपोच जाणाऱ्या क्रीमच्या वर्गणी-खोक्यावरचा तुमचा लेख उगाच घाबरवतो. ५९९ रुपयांच्या खोक्यात खर्च वजा जाता १६३ रुपये उरतात. बेळगाव, खानापूर, निपाणी मिळून २०० ग्राहक धरले तर महिन्याला ३२,६०० रुपये. यात चुकलं काय?»

दादा, १६३ चा आकडा मलाही मान्य आहे. ५९९ मधून १८ टक्के जीएसटीचे ९१ गेले की ५०८ राहतात. त्यातून माल २१०, खोका आणि पॅकिंग ३८, कुरिअर ७०, पेमेंट गेटवे १४ आणि फुटतूट १३ वजा करा, १६३ च येतात. अडचण त्यानंतर सुरू होते.

५० ग्रॅमची क्रीम रोज रात्री एक ग्रॅम लावली तरी ५० दिवस पुरते. तुमचं दुसरं खोकं येतं तेव्हा पहिल्या बरणीत अजून २० ग्रॅम उरलेली असते. तिसरं येतं तेव्हा दुसरी बरणी नुकतीच उघडलेली असते आणि बाई वर्गणी बंद करते. माल आवडूनही बंद करते, म्हणून कारण विचारलं तर «सगळं छान होतं» एवढंच उत्तर मिळतं.

दर महिन्याला ४० टक्के ग्राहक गळतात असं धरा. २०० कायम ठेवायला ८० नवे लागतात. जाहिरात आणि पहिल्या खोक्यावरची सूट मिळून एका नव्या ग्राहकामागे ४५० रुपये गेले, तर ३६,००० झाले. म्हणजे ३२,६०० मिळवायला त्याहून जास्त खर्च.

तेच खोकं दोन महिन्यांनी पाठवा. महिन्याला १०० खोकी जातील, १६,३०० उरतील. बरणी संपत आल्यावर खोकं आलं आणि गळती खोक्यामागे २० टक्क्यांवर आली, तर महिन्याला २० नवे ग्राहक, खर्च ९,०००. हातात ७,३०० राहतात. यात पॅकिंगला माणूस ठेवता येणार नाही, घरच्यांनीच खोकी भरायची असतील तरच जमेल. पण निदान तोटा नाही. गळतीचा खरा आकडा मात्र ३० ग्राहकांवर तीन खोकी पाठवून मोजा, त्याआधी २०० चा माल भरू नका.

महिन्यालाच पाठवायचं असेल तर २०-२५ ग्रॅमच्या बरण्या उत्पादकाकडूनच भरून, लेबल लावून घ्या. मोठ्या डब्यातून आपण भरणं कायद्याने उत्पादनात मोडतं, त्याला परवाना लागतो.

आणि आपल्याकडची एक गोष्ट. निपाणीहून कागल किंवा बेळगावहून चंदगड आपल्याला शेजारचं वाटतं, पण तिथे, म्हणजे महाराष्ट्रात, खोकं विकलं की ती आंतरराज्य विक्री ठरते. मग वर्षाच्या ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणीतून मिळणारी सूट चालत नाही, पहिल्याच विक्रीपासून जीएसटी नोंदणी लागते, आणि छोट्या विक्रेत्यांना कमी दराने कर भरू देणारी कंपोझिशन योजनाही घेता येत नाही. तुमच्या यादीत पलीकडचे पत्ते किती आहेत ते आधी बघा.