तो निळा-काळा तीळ खरंच वीस वर्षांचा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

«डॉक्टरबाई, एका परिच्छेदात तुम्ही म्हणता, वर्षानुवर्षं तसाच असलेला निळा तीळ काढायची गरज नाही. पुढच्याच परिच्छेदात म्हणता, रुग्ण 'वर्षानुवर्षं आहे' म्हणाला तर विश्वास ठेवू नका. मग आम्ही करायचं काय? माझ्या मिस्टरांच्या हाताच्या पाठीवर असा फुगीर निळा-काळा तीळ वीस वर्षं आहे. डॉक्टरांनी भिंगातून बघून सोडून दिलं होतं. तुमचा लेख वाचल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. शिवाय मेलानोमा हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे उगाच घबराट कशाला? – डिचोलीहून एक वाचक»

ताई, ती दोन्ही वाक्यं मी तशीच ठेवणार आहे. पहिलं वाक्य तीळ खरोखरच बदललेला नसेल त्या वेळचं आहे. दुसरं, तसं कुणी नुसतं सांगत असेल त्या वेळचं.

ब्लू नीव्हस म्हणजे साधा, निरुपद्रवी निळा तीळ. त्यात रंग बनवणाऱ्या पेशी त्वचेच्या वरच्या थरात नसतात, खाली खोल बसलेल्या असतात. त्यांच्यातलं मेलॅनिन तपकिरीच असतं. पण इतक्या खोलवरून परतताना प्रकाशातला निळा भाग जास्त विखरून बाहेर येतो आणि तीळ निळसर दिसतो. म्हणजे निळा रंग फक्त खोली सांगतो, तीळ साधा की वाईट हे सांगत नाही. मेलानोमा हा रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्याचा गाठीसारखा वाढणारा प्रकार, नोड्युलर मेलानोमा, हासुद्धा आत खोल वाढतो, म्हणून तोही निळा दिसू शकतो.

फरक बहुतेक वेळा असा, की मेलानोमाचा रंग वरच्या थरातही असतो आणि वरचा रंग काळा दिसतो. डर्मोस्कोपमधून ब्लू नीव्हस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकसारखा निळा-करडा दिसतो. आत जाळी नसते, ठिपके नसतात. त्याच भिंगातून निळ्याच्या शेजारी काळा रंग दिसला आणि ते मिश्रण तिळाच्या निदान दहाव्या हिश्शात असलं, तर आम्ही सावध होतो. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी बघून 'निळा-काळा' म्हणता ते मिश्रण हे नव्हे. गडद ब्लू नीव्हस नुसत्या डोळ्यांना काळपटच दिसतो.

पण भिंगालाही मर्यादा आहे. एखादा नोड्युलर मेलानोमा एकसारखा निळा दिसतो, आणि आधी मेलानोमा झालेल्या माणसाच्या त्वचेत तो पसरला तर ती नवी गाठ हुबेहूब ब्लू नीव्हससारखी दिसू शकते. म्हणून भिंगातलं चित्र आणि तिळाचा इतिहास हे दोन्ही जुळले तरच मी तीळ सोडते. एकट्या इतिहासावर सोडत नाही, एकट्या चित्रावरही नाही.

इतिहास कसा फसवतो त्याचं एक उदाहरण सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पेडण्याकडचा पन्नाशीतला मासेमार, खांद्याच्या मागे सात मिलिमीटरचा गोल, टणक, काळपट-निळा उंचवटा. कडा नीट, दोन्ही बाजू सारख्या. वाईट तीळ ओळखायच्या ज्या खुणा लोक व्हॉट्सॲपवर वाचतात, म्हणजे वेडीवाकडी कड, असमान आकार, त्यातली एकही नाही. नोड्युलर मेलानोमा नेमका असाच असू शकतो, म्हणूनच तो हुकतो. "शाळेत असल्यापासून आहे," तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्या जागी तीळ होताच. बायकोने फोनमधला दोन वर्षांपूर्वीचा, होडी ओढतानाचा उघड्या अंगाचा फोटो दाखवला. त्यात खांद्यावर सपाट तपकिरी तीळ होता, उंचवटा नव्हता. मग तिला आठवलं, की गेल्या काही आठवड्यांत टॉवेल लागून तिथून दोनदा रक्त आलं होतं. भिंगात मध्यभागी निळा आणि कडेला काळा, दोन्ही दिसले.

दोन मिलिमीटरची कड ठेवून खालच्या चरबीसकट तो पूर्ण काढला. रिपोर्ट नोड्युलर मेलानोमाचा आला, खोली 2.1 मिलिमीटर, वरची त्वचा फुटून झालेली जखम. खोलीचा हा एक आकडा पुढचं बरंच ठरवतो: दोनच्या वर खोली गेली की जखमेभोवती आणखी दोन सेंटिमीटर त्वचा काढतात आणि काखेतल्या गाठीपर्यंत आजार पोचला का, ते तपासायचा विचार करतात. 'चामखीळ आहे' म्हणून कुणी तो जाळला असता किंवा वरून खरवडला असता, तर हा आकडा कायमचा हरवला असता. कॉटरीने, लेझरने तीळ उडवून देणारी दुकानं आता गोव्यातही गल्लोगल्ली झाली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

वेळेचं गणितही त्यातच आहे. नोड्युलर मेलानोमा महिन्याला साधारण अर्धा मिलिमीटर खोल जातो, कधी त्याहून भरभर. म्हणून नव्या किंवा बदललेल्या उंचवट्याला "सहा महिने बघू" म्हणणं मला मान्य नाही. आणि म्हणूनच, वीस वर्षं जराही न बदललेला उंचवटा नोड्युलर मेलानोमा असणं जवळजवळ अशक्य. तुमच्या मिस्टरांच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे, फक्त तो आठवणीतून नको, फोटोतून हवा.

हात असल्यामुळे तुमचं काम सोपं आहे. चवथीचे जुने फोटो काढा. आरती धरलेल्या हाताची पाठ अशा फोटोंत छान दिसते. तिळाची रुंदी त्याच हाताच्या करंगळीच्या नखाशी ताडून पाहा, कारण फोटो जवळून काढला की लांबून, नख आणि तीळ एकाच प्रमाणात लहानमोठे होतात. नखाच्या अर्ध्याएवढा तीळ दहा वर्षांपूर्वीही अर्ध्याएवढाच असेल, तर आकार बदललेला नाही. टणकपणावर मात्र काही ठरवू नका, ब्लू नीव्हसही हाताला टणकच लागतो.

आता 'गोऱ्यांचा आजार'. मेलानोमा आपल्यात कमी होतो हे खरं, पण होतो, आणि बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो, जिथे कुणी बघत नाही. उलट ब्लू नीव्हस आशियाई लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो, 3 ते 5 टक्के प्रौढांत, आणि हाताची पाठ ही त्याची अगदी आवडती जागा. म्हणजे मिस्टरांची जागा, रंग, वर्षं, तिन्ही गोष्टी त्यांच्याच बाजूने आहेत. ज्या डॉक्टरांनी भिंगातून बघून सोडलं, त्यांनी तुम्ही सांगता त्यावरून योग्यच केलं.

डोक्यावर केसांत किंवा कंबरेखाली, एक सेंटिमीटरहून मोठा निळा तीळ असता तर मी इतकी निवांत नसते. तिथे पेशींची दाटी जास्त असलेला एक प्रकार आढळतो आणि त्यात क्वचित, वर्षानुवर्षं शांत राहिल्यावरही, मेलानोमा सुरू होतो. त्या लोकांनी वर्षं मोजायची ती तीळ पहिल्यांदा बदलला तिथपासून.

फोटो जुळले तर आज करंगळीच्या नखासकट एक नवा फोटो काढून, तारीख घालून ठेवा. तरीही झोप लागत नसेल तर तीळ काढून घ्यायला हरकत नाही, जागा बधिर करून होणारं छोटं काम आहे. फोटो जुळले नाहीत, किंवा रक्त, खपली, नवा काळा भाग दिसला, तर पुढच्या चवथीची वाट न बघता याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा बांबोळीच्या गोमेकॉत त्वचेच्या ओपीडीत जा. जुना फोटो बरोबर न्या आणि तीळ पूर्ण काढून तपासणीला पाठवणार ना, हे आधीच विचारा.