‘चिंतेत’ हा शब्द आणि बाकावरची आई: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: भावनेचं नाव न लिहिता शरीर कसं दिसतं ते लिहा, हे तुमच्या लेखात वाचून अगदी तसंच केलं. चित्रकाराला ‘चिंतेत असलेली बाई’ असं न लिहिता ‘भुवया आकसलेल्या, डोळे विस्फारलेले, ओठ आवळलेले, खांदे वर चढलेले, दोन्ही मुठी घट्ट’ असं लिहून दिलं. चित्र आलं ते पुतळ्याला राग आल्यासारखं. प्रसंग साधा आहे. आत मुलाची शस्त्रक्रिया चालू आहे, बाहेर बाकावर आई बसली आहे. त्यापेक्षा ‘चिंतेत’ एवढंच लिहून बाकी चित्रकारावर सोडलेलं बरं. अवयवांची यादी देऊन भावना येत नाही, उलट असलेली जाते.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं. लेखात मी एकेका अवयवाची उदाहरणं दिली, पण एका माणसासाठी त्यातली किती वापरायची हे सांगितलं नाही. म्हणून तुमचाच प्रसंग घेऊन नीट सांगतो.

आधी त्या चित्रात राग का आला ते बघू. चित्रकार चुकलेला नाही, तुम्ही लिहिलं तेच त्याने काढलं. ‘भुवया आकसलेल्या’ हे शब्द मराठीत दोन अगदी वेगळ्या हालचालींना चालतात. रागात भुवया जवळ येतात आणि खाली उतरतात, नाकाच्या मुळाशी उभ्या आठ्या पडतात. काळजीत आणि दुःखात भुवया जवळ येतात, पण त्यांची आतली टोकं वर उचलली जातात. भुवया नाकाकडून कानाकडे उतरत्या दिसतात आणि कपाळावर फक्त मधोमध आडव्या सुरकुत्या पडतात. डार्विनने १८७२ सालच्या पुस्तकात या हालचालीवर बरंच लिहिलं आहे. ती मुद्दाम करणं फार थोड्यांना जमतं, हे त्यानेही नोंदवलं होतं. चित्रकाराने आरशासमोर बसून ‘आकसून’ पाहिलं तरी बहुधा रागाच्याच भुवया येणार. त्यात खाली ओढलेल्या भुवया, वर ताणलेल्या पापण्या आणि आवळलेले ओठ एकत्र आले की तो डोळे वटारलेला चेहराच होतो.

पुतळेपणाचं कारण मात्र वेगळं आहे. तुमच्या यादीतले पाचही अवयव एकाच वेळी, पूर्ण जोराने काम करताहेत, आणि दोन्ही बाजूंनी सारखेच. दोन मुठी, दोन खांदे, दोन डोळे, सगळं जोडीने. अ‍ॅनिमेशनवाले याला ‘ट्विनिंग’ म्हणतात आणि ते कटाक्षाने टाळतात. जिवंत शरीरात भार नेहमी कुठेतरी कलतो, एक हात काम करतो तेव्हा दुसरा आधार देतो किंवा नुसता पडून असतो.

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. ही बाई त्या बाकावर किती वेळ बसली आहे? तुमच्या वर्णनात याचं उत्तर नाही आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. विस्फारलेले डोळे आणि चढलेले खांदे ही दचकण्याची लक्षणं आहेत. दार धाडकन उघडलं तर क्षणभर तसं होईल. दोन तास बसलेल्या माणसाचे खांदे वर राहूच शकत नाहीत, स्नायू थकतात. खांदे पुढे आणि खाली येतात, पाठीचा कणा कमरेशी गोल होतो, मान पुढे जाते. चिंता तिथेच असते, पण ती आता शरीरभर ताठ उभी नसते, एकदोन ठिकाणी साठून राहते. हे स्वतः करून बघता येतं. लिहिलेल्या स्थितीत वीस सेकंद बसायचं. जे तेवढा वेळही धरवत नाही, ते दोन तास वाट पाहणाऱ्या बाईच्या वर्णनात ठेवू नये.

मग भार ठरवायचा. ‘बाकावर बसली आहे’ असं लिहिलं की चित्रकार गुडघे काटकोनात, पाठ सरळ, हात मांडीवर असं काढून मोकळा होतो, कारण भार कुठे आहे हे त्याला कळलेलं नसतं. ती पाठ टेकून बसली आहे, की काठावर? काठावर असेल तर पुढे झुकून कोपर मांडीवर टेकलंय, की एक तळहात बाकावर रोवून त्या बाजूला कलली आहे? तळहात रोवला तर त्या बाजूचा खांदा आपोआप कानाकडे चढतो आणि दुसरा उतरतो. म्हणजे ‘डावा तळहात बाकावर रोवलेला, अंगाचा भार त्यावर’ एवढं लिहिलं की खांद्यांबद्दल वेगळं काही लिहावं लागत नाही. एका कारणातून शरीराच्या तीनचार गोष्टी मिळतात आणि त्या एकमेकींशी जुळतातही. यादीत ही जुळणी नसते, तिथे प्रत्येक अवयव सुटा असतो.

उरलेल्या हाताला काम द्या. मूठ हे काम नाही, दहा बोटांना एकच हुकूम दिल्यासारखं ते होतं. शस्त्रक्रियेला नेण्याआधी मुलाचा चष्मा काढून आईकडे दिला असेल. तो चष्मा तिच्या उजव्या हातात असू द्या. एक काडी अर्धवट मिटलेली, दुसरी उघडी, अंगठा बिजागरीवर. ती काडी मिटते, उघडते, पुन्हा मिटते. चित्रात हालचाल दिसणार नाही, पण अर्धवट मिटलेली काडी दिसेल आणि बघणारा उरलेलं पुरं करेल. चष्मा लहान मुलाच्या मापाचा, तिच्या तळव्यात जवळजवळ मावणारा. आत कोण आहे, तेही यातून कळतं. पकड सैल ठेवायला सांगा. सैल हातात तर्जनी सर्वात कमी वाकलेली असते आणि करंगळीकडे वाक वाढत जातो, या एका तपशिलाने हात लाकडी दिसत नाही.

चेहरा कोरा दिसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा भावनेचा नसतो, नजरेचा असतो. डोळे कुठे बघताहेत हे न लिहिल्यास ती चित्राबाहेर, आपल्याकडे किंवा कुठेच नाही अशी बघते. तुमच्या बाईला लक्ष्य द्या: शस्त्रक्रियागृहाचं दार, त्यातही दाराखालची उजेडाची फट. आणि डोकं नजरेच्या दिशेला पूर्ण वळवू नका. डोकं चष्म्यावर झुकलेलं, डोळे तेवढे उचलून दाराकडे. या दोन दिशांच्या फरकातच वाट पाहणं दिसतं. डोकं आणि डोळे दोन्ही दाराकडे वळवले तर दार आत्ताच वाजल्यासारखं वाटेल आणि प्रसंगच बदलेल.

चेहऱ्यावर मग एकच गोष्ट मागा: भुवयांची आतली टोकं किंचित वर. ओठांबद्दल काही लिहू नका. एवढ्याने भागेल का, अशी शंका येईल. २०१२ साली हिलेल अविएझर, याकोव ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव यांचा एक अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला होता. त्यांनी टेनिसपटूंचे गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले. नुसत्या चेहऱ्यावरून कोण जिंकलं, कोण हरलं हे लोकांना ओळखता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं तर ओळखता आलं. तो अभ्यास अतितीव्र भावनांचा होता, तुमच्या बाईची शांत काळजी त्यात बसत नाही. पण चेहऱ्याला जास्तीत जास्त ताणलं म्हणजे अर्थ जास्त स्पष्ट होतो, हा समज मात्र तिथे टिकत नाही.

पाय शेवटी, आणि ते विसरायचे नाहीत. पाठ थकलेली आहे, पण पाय उठायच्या तयारीत असू शकतात: उजवं पाऊल बाकाखाली मागे ओढलेलं, चवड्यावर टेकलेलं, टाच उचललेली. उठण्याआधी पाऊल असंच मागे घ्यावं लागतं, म्हणून बघणाऱ्याला ते लगेच कळतं. वरचं अंग खचलेलं आणि खालचं सावध, हा विरोध तुम्हाला ‘चिंतेत’ या शब्दात मिळणार नाही.

सगळं जुळवून मी असं लिहीन:

*रुग्णालयाच्या मार्गिकेत बाकाच्या काठावर बसलेली आई, दोन तासांपासून वाट पाहते आहे. डावा तळहात बाकावर रोवलेला, अंगाचा भार त्यावर, पाठ गोल झालेली. उजव्या हातात लहान मुलाचा चष्मा सैल धरलेला, एक काडी अर्धवट मिटलेली, अंगठा बिजागरीवर. डोकं चष्म्याकडे झुकलेलं, नजर मात्र उचलून शस्त्रक्रियागृहाच्या दाराखालच्या फटीकडे. भुवयांची आतली टोकं किंचित वर. उजवं पाऊल बाकाखाली मागे, टाच उचललेली.*

यात चेहऱ्याला फक्त नजर आणि भुवया आल्या आहेत. कपडे, केस, ओठ, डावा पाय हे सगळं चित्रकाराचं. तुम्ही म्हणता तसं त्याच्यावर सोडायला माझी हरकत नाही, पण काय सोडायचं हे आपण ठरवावं. नुसतं ‘चिंतेत’ लिहिलं तर कपाळाला हात लावलेली बाई येण्याची शक्यता फार, कारण ती खूण सर्वांच्या हाताशी असते. तो शब्द हवा असेल तर हेतू म्हणून वर एका ओळीत जरूर लिहा, त्याने चित्रकाराला सूर कळतो. आणि मार्गिकेत लांबवर दिसणारी दोनचार माणसं असतील तर त्यांच्यासाठी तुमचीच पद्धत योग्य. अंगठ्याच्या पेराएवढ्या आकृतीत भुवया दिसतच नाहीत, तिथे ‘भिंतीला टेकून उभा’ एवढं पुरे.

कच्चं रेखाटन आलं की त्यातला चेहरा अंगठ्याने झाकून बघा. ती काही तरी धरून कशाची तरी वाट पाहते आहे, असं शरीरावरून वाटलं पाहिजे. मग अंगठा काढा. चेहरा तेच पुन्हा ओरडून सांगत असेल तर चेहरा कमी करायला सांगा, शरीर तसंच ठेवा.

आता आलेलं चित्र टाकून द्यावं लागेल असं नाही. ‘अजून चिंता दाखवा’ असं मात्र चित्रकाराला कळवू नका. त्याने सगळंच वाढेल आणि बाई आणखी ताठ होईल. पहिल्या फेरीत दोनच बदल मागा: दोन्ही मुठी सोडून डावा तळहात बाकावर आणि उजव्या हातात चष्मा, आणि नजर दाराखालच्या फटीकडे. डावा हात रोवला की दोन खांद्यांची उंची वेगळी काढावीच लागेल. भुवया दुसऱ्या फेरीला ठेवा, आणि तेव्हा ‘आकसलेल्या’ न लिहिता ‘आतली टोकं वर’ असं लिहा.