समुद्रावर जाताना शफल चालूच ठेवा

विदर्भातल्या माणसानं बायकोला समुद्र दाखवायचा म्हणजे आधी अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. रात्रभर रेल्वे, मग एसटी, मग रिक्षा, आणि मग एकदाची ती वाळू. एवढ्या खटाटोपानंतर सूर्य बुडताना कोणतं संगीत लावायचं, हे घरूनच ठरवून निघणारी माणसं उतावीळ असतात. तुम्ही तसं करू नका. वाळूत बसा, चपला शेजारी ठेवा आणि तिथं रेंज शोधत शोधत गाणं शोधा.

घड्याळ मात्र गावाकडचंच धरा. डिसेंबरात यवतमाळकडे पावणेसहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा गुहागरच्या किनाऱ्यावरही साडेपाचलाच संगीत सुरू करून टाका. पश्चिमेकडे एकेक रेखांश सरकलं की सूर्यास्त चार मिनिटं पुढे जातो. गुहागर यवतमाळपासून जवळपास पाच रेखांश पश्चिमेला आहे, वर थोडं दक्षिणेला असल्यानं हिवाळ्यात आणखी काही मिनिटांची भर पडते. म्हणजे तिथं सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडतो. हा हिशेब तुम्ही केला नाही की तुमची सगळी हळवी गाणी चांगल्या उन्हात वाजून जातात, आणि सूर्य पाण्याला टेकतो तेव्हा फोनमध्ये भाच्याच्या हळदीतला डीजे सुरू असतो. शफल चालू ठेवण्याचा हाच तर फायदा.

आता गाणं. शक्यतो शब्दांचंच घ्या. दोघं गप्प बसलेली असताना बायकोचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं आणि तिसऱ्या ओळीला प्रश्न येतो, "हे गाणं तुमी आधी कोणासाठी आयकत होते?" पुढची वीस मिनिटं समुद्राकडे बघायची गरज उरत नाही.

काही जण नुसत्या वाद्यांचं काहीतरी लावतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की बासरी लाव, सतार लाव. त्यांनी निदान एवढं करावं, तासाभराचं रेकॉर्डिंग घेऊन ते पहिल्यापासून सोडून द्यावं. सतारीची मैफल आलापानं सुरू होते. आलापात ताल नसतो, तबलजी मांडीवर हात ठेवून बसलेला असतो, एकेका सुराला हवा तेवढा वेळ मिळतो. संथ पाण्यासमोर हाच भाग शोभतो. म्हणून तो सूर्य अजून डोळ्यांत खुपत असतानाच संपवून टाकायचा. त्यानंतर जोड येतो, त्यात लय धरली जाते. मग झाला येतो, त्यात तारांवर नुसती सरबत्ती. पुढे तबला लागून गत, आणि शेवटी द्रुत गत. नीट जमवलं तर सूर्याचा शेवटचा तुकडा पाण्यात जाताना तुमच्या शेजारी रेल्वे सुटल्यासारखा आवाज चालू असेल. फक्त आलापाचा तुकडा वेगळा काढून सूर्यास्ताच्या वीसेक मिनिटं आधी लावणारे लोक आहेत, पण त्यांच्या घरी दुसरी कामं नसावीत.

आलाप लावलाच तर बायको विचारेल, "काहून वो, अजून बाजाच जुळवून रायला का हा?" यावर "तुले नाही समजत" एवढंच म्हणायचं. सूर जुळवणं कधीच झालंय, आता तो एकेक सूर उलगडून दाखवतोय, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ कोणाकडे आहे?

रागही विचार न करता निवडा. "संध्याकाळचा राग" असं लिहिलेलं दिसलं की लावून द्यायचं. पहिला बहुधा मारवाच सापडतो. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावरही कलाकार लवकर येऊन टेकत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला जीव कुठे ठेवावा ते कळत नाही, आतून नुसती हुरहूर लागते. लग्नाला महिना झालेल्या मुलीला माहेरापासून पार समुद्रापर्यंत आणून हे ऐकवलं की ती आईला फोन लावते. पूरिया धनाश्रीही त्याच वेळेचा. त्यातही कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम आहेत, कातरवेळ आहे, पण पंचम असल्यानं सुरांना टेकायला जागा मिळते. माझ्या मते दोघांनी मिळून ऐकायचा तो हा. म्हणजे तुम्ही टाळायचा तो हाच.

वाद्य बासरीच ठेवा, तेही फोनच्याच स्पीकरवर. मोकळ्या किनाऱ्यावर लाटा अखंड सूं-सूं करत असतात. बासरीतली फूक त्याच जातीची असते, त्यामुळे हलक्या आवाजातली बासरी लाटांत विरून जाते. फोनचा स्पीकर खालचे सूर जवळजवळ दाबूनच टाकतो, म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज गेला आणि मंद्रातली बासरीही गेली. उरतं ते अधूनमधून दूर कुणी शिट्टी मारल्यासारखं. संतूर किंवा सतारीचा आघात त्या गदारोळातही वेगळा ऐकू येतो, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नका. फोन कोरड्या वाळूवर पालथा ठेवा. वाळू आवाज पिते आणि स्पीकरच्या जाळीत जाऊनही बसते. नंतर गावी कुणाचाही फोन आला की समोरचा विहिरीतून बोलतोय असं वाटेल.

आता मुख्य क्षण. सूर्याची कड पाण्याला लागल्यापासून थाळी पूर्ण बुडायला डिसेंबरात अडीच मिनिटं लागतात. हिवाळ्यात क्षितिजावर धुरकट पट्टा असला तर सूर्य पाण्याला न टेकताच चार बोटं वरून गायब होतो. या अडीच मिनिटांत संगीत बंद ठेवलं तर चालतं, पण तुम्ही नेमका याच वेळी ट्रॅक बदला. फुकटच्या अ‍ॅपवर असाल तर मध्ये जाहिरातही येईल. थाळी गेली की लगेच उठायचं, पँट झटकायची आणि "चाला, संपला पिक्चर" म्हणायचं. खरं तर त्यानंतर वीसेक मिनिटं उजेड टिकतो, आणि आकाशाचा केशरी-जांभळा रंग बरेचदा सूर्य गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच भरतो. संथ संगीताची खरी वेळ तीच, कारण डोळ्यांवर ऊन नसतं आणि गर्दीही उठून गेलेली असते. पण त्या वेळेला तुम्ही कणीस भाजणाऱ्याशी भाव करत असणार. पुरता अंधार पडल्यावर यमन लागतो, तोवर तर तुम्ही लॉजवर पोचून चार्जर शोधत असाल.

राहता राहिला फोनचा फ्लाइट मोड. गाणी घरूनच डाउनलोड करून नेली तर फ्लाइट मोड लावूनही ती वाजतात, आणि त्यात ब्लूटूथ पुन्हा चालू करता येतं, म्हणजे छोटा स्पीकरही जोडता येतो. हे अजिबात करायचं नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत, कापसाचा दुसरा वेचा घरात यायचा आहे, आणि लाइनीचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. पूरिया धनाश्री पंचमावर येऊन टेकत असताना रिंगटोन वाजलीच पाहिजे, आणि फोन स्पीकरवर असल्यानं अर्ध्या किनाऱ्याला ऐकू गेलंच पाहिजे, "दादा, लाइन आली! मोटर चालू करू का? आन् फुटव्हॉल्व्ह कचरा धरून रायला, तो कोण काढन?"

फुटव्हॉल्व्हचं नीट समजावून सांगा. बायको तोवर तुमच्या फोनचं शफल बंद करायचं बटण शोधत बसेल.