गळका नळ परत करताना पाळावयाचे शिष्टाचार

नवाकोरा मिक्सर नळ बंद करूनही टपटपतोय आणि बिलावर बदलीची मुदत १५ दिवसांची आहे? मग घाई कशाला? मुदत संपू द्या, दुकानदाराला तेवढीच शांत झोप. पण काही उतावळ्यांना, उदाहरणार्थ मला, मुदतीतच पत्र नेऊन द्यायची हौस असते. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी.

सुरुवात माफीने करावी. 'आपला नळ उत्तमच आहे, आमचं पाणीच त्याच्या लायकीचं नाही.'

बिल क्रमांक, तारीख, मॉडेल वगैरे लिहू नये. जीएसटी वाचवायला तुम्ही कच्ची चिठ्ठीच घेतली असेल, तर लिहिणार तरी काय म्हणा!

दोष मोघमच सांगावा. 'नळ खराब आहे.' बस्स. तपशील दिलात तर मालकांना 'पाण्यात कचरा असेल' म्हणायची सोय उरत नाही. मी दिला. लिहिलं की नळ बसवण्याआधी लाइन सोडून बादलीभर पाणी वाहू दिलं होतं. प्लंबरने लिव्हरखालचा बारीक स्क्रू ॲलन कीने काढून, नट सोडवून पाणी चालू-बंद करणारं कार्ट्रिज बाहेर काढलं. आत वाळूचा कण नाही, खालची रबरं जागेवर. धुऊन परत बसवलं, टपटप चालूच. गरम पाण्याचा अँगल कॉक बंद केला, तरी चालू. थंडचा बंद केला, थांबली. म्हणजे आतल्या सिरॅमिकच्या चकत्या थंड बाजूचं तोंड नीट झाकतच नाहीत. मालकांनी हे वाचलं? कागद गल्ल्यावर पालथा घातला आणि म्हणाले, 'तुमच्याकडे प्रेशर जास्त असेल.' प्रेशर! आम्ही टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर. शॉवरला धार यायची मारामार! मग म्हणे क्षार. अहो, महिनाही न झालेल्या नळात? मग प्लंबर. दोष सगळ्यांचा, फक्त नळाचा नाही!

'कंपनीला फोन लावा' म्हटलं की आनंदाने निघावं. त्यांचा माणूस येईपर्यंत दुकानाची मुदत आपोआप संपते.

पोच मागू नये. त्यांच्या शब्दावर अविश्वास दिसतो.

पुरे झालं. मालक, पैसे तुम्ही मोजून घेतलेत, कंपनीने नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या तुमच्या पाटीने तो कायदा पुसला जात नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख टाका, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार जाईल, बिलाच्या फोटोसकट. आणि ते सुटं कार्ट्रिज हातावर टेकवून बोळवण करू नका. सेट विकलात ना? सेट बदला, नाहीतर पैसे परत करा.